वीसपैकी तेरा कशाचे?

अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही परीक्षा घेणारी मोठी संस्था आहे. तिथले संशोधक पॉल डीडरिक आणि त्यांचे दोन सहकारी जॉन फ्रेंच आणि सिडेल कार्लटन यांनी 1961 साली एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. महाविद्यालयात नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांचे 300 निबंध त्यांनी 53 जणांना तपासायला दिले होते. तपासणारे सगळे लिहिण्या-वाचण्यात मुरलेले होते. इंग्रजीचे प्राध्यापक होते, समाजशास्त्र आणि विज्ञान शिकवणारे होते, लेखक-संपादक होते, वकील होते आणि व्यवसायातले अधिकारीही होते. गुण कशाला द्यायचे हे त्यांना मुद्दामच सांगितले नव्हते. चांगले लेखन म्हणजे काय ते ज्याने त्याने ठरवायचे आणि निबंधांचे गुणवत्तेप्रमाणे नऊ गट पाडायचे, एवढीच सूचना होती.

निकाल आजही अस्वस्थ करतो. 300 पैकी 101 निबंध असे निघाले की ते नऊच्या नऊ गटांत कुणी ना कुणी टाकले होते. जो निबंध एकाने सर्वांत वरच्या गटात ठेवला, तोच दुसऱ्याने सर्वांत खालच्या गटात. निबंधांपैकी 94 टक्के किमान सात वेगवेगळ्या गटांत गेले होते. ज्याच्याबद्दल सर्वांत कमी मतभेद होते, त्या निबंधालाही पाच वेगवेगळे गट मिळाले होते.

संशोधक इथेच थांबले असते तर हा प्रयोग 'निबंध तपासणे म्हणजे नशिबाचा भाग' एवढेच सांगून विस्मरणात गेला असता. त्यांनी पुढे जाऊन कोणाचे कोणाशी जुळते ते शोधले आणि तपासणाऱ्यांनी निबंधांवर लिहिलेले शेरेही वाचून काढले. तेव्हा दिसले की मतभेद विस्कळीत नव्हते. तपासणाऱ्यांचे पाच कल होते. काहींची नजर विचारांवर होती, काहींची मांडणीवर, काहींची व्याकरण-शुद्धलेखनाच्या चुकांवर, काहींची शब्दांच्या निवडीवर, तर काहींना लेखनातली स्वतःची अशी चव महत्त्वाची वाटत होती. एका कलाच्या लोकांचे आपसात बरेच जुळत होते. म्हणजे प्रत्येक जण मन लावून तपासत होता, पण प्रत्येक जण वेगळीच गोष्ट तपासत होता.

शाळेतल्या शिक्षकाच्या हातातला रुब्रिकचा तक्ता या शोधातून पुढे आलेल्या विचारावर उभा आहे. तक्त्याच्या डाव्या बाजूला निकष असतात, म्हणजे निबंधात काय पाहायचे त्या गोष्टी. वरच्या बाजूला पातळ्या असतात. आणि मधल्या प्रत्येक चौकटीत त्या निकषाची ती पातळी निबंधात कशी दिसते, याचे वर्णन असते आणि तिचे गुण असतात. रचना साधी आहे. अवघड आहे ते चौकटींमधले वर्णन लिहिणे, आणि बहुतेक तक्ते तिथेच फसतात.

महाराष्ट्रात दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत निबंधाला आठ गुण असतात. प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन असे पर्याय मुलांपुढे असतात. गठ्ठा तपासायला बसलेला अनुभवी परीक्षक निबंध वाचतो आणि साडेपाच किंवा सहा गुण टाकून पुढे जातो. विचारले तर तो कारणे सांगू शकतो, पण ती कारणे आधीच्या पंधरा उत्तरपत्रिकांच्या तुलनेत ठरलेली असतात. लागोपाठ पाच कच्चे निबंध आले की सहावा मध्यम निबंधही डोळ्यांत भरतो. शिवाय अक्षर आहेच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 साली लष्करातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेल्या शेऱ्यांचा अभ्यास केला. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांचे शेरे वेगवेगळे मागितले होते, पण एका गुणाबद्दलचे चांगले मत बाकीच्या सगळ्यांवर पसरत होते. वळणदार अक्षरातला निबंध वाचताना विचारही वळणदार वाटू लागतात, ते याच कारणाने.

आता तक्ता प्रत्यक्ष बनवून पाहू. समजा, नववीच्या वर्गाला 'आमच्या गावचा आठवडे बाजार' हा विषय दिला आहे आणि निबंध वीस गुणांचा आहे. पहिल्यांदा तक्ता करणारा शिक्षक बहुधा असे लिहितो: आशय, भाषा, मांडणी, शुद्धलेखन हे चार निकष, आणि पातळ्या उत्तम, चांगले, समाधानकारक, असमाधानकारक. चौकटींत मग 'उत्तम आशय', 'चांगला आशय', 'समाधानकारक आशय' असे भरले जाते. हा तक्ता दिसायला नेटका असतो, पण त्याने काहीच ठरत नाही. उत्तम आणि चांगले यांच्यामधली रेघ अजून शिक्षकाच्या मनातच असते. डीडरिकच्या 53 जणांना हा तक्ता दिला असता, तरी त्यांनी तेच केले असते. प्रत्येकाने आपल्या मनातले 'उत्तम' वापरले असते.

दुसरा मोह आकड्यांचा. 'पाच तपशील असल्यास चार गुण, तीन असल्यास तीन' किंवा 'दोन म्हणी व दोन वाक्प्रचार वापरल्यास पूर्ण गुण'. हे तपासायला सोपे आणि दोन शिक्षकांचे गुणही जुळतात. पण मुले जे मोजले जाते तेच लिहितात. म्हणींना गुण आहेत हे कळले की प्रत्येक निबंधात म्हण येते, मग ती तिथे शोभो वा न शोभो. तयार निबंधांच्या पुस्तकांतून पाठ केलेली सुरुवात आणि शेवट यांना बळ मिळते ते अशाच निकषांमुळे.

नीट वर्णनाची कसोटी अशी की ते वाचून निबंधाकडे बोट दाखवता आले पाहिजे. 'विचार सखोल आहेत' यावर बोट ठेवता येत नाही. 'मजकूर कोणत्याही गावाच्या बाजाराला लागू पडेल' हे मात्र निबंध पुढे ठेवून दाखवता येते. खालचा तक्ता त्या पद्धतीने लिहिला आहे. आशयाला दुप्पट गुण का दिले, ते पुढे येईल.

| निकष | पातळी 4 | पातळी 3 | पातळी 2 | पातळी 1 |
|---|---|---|---|---|
| आशय | नेमके, पाहिलेले तपशील आहेत. त्यांतून लिहिणाऱ्याला काय वाटले किंवा उमगले ते कळते. (8) | काही तपशील नेमके आहेत, पण ते नुसते सांगितले आहेत. त्यांतून काही म्हणणे पुढे येत नाही. (6) | विषयाला धरून आहे, पण मजकूर कोणत्याही गावाच्या बाजाराला लागू पडेल. (4) | विषय सुटला आहे किंवा दोन-चार वाक्यांपुढे मजकूर नाही. (2) |
| मांडणी | प्रत्येक परिच्छेदात एक मुद्दा. पुढचा परिच्छेद का आला ते कळते. (4) | परिच्छेद आहेत, क्रम कळतो. एखाद्या ठिकाणी दुवा तुटतो. (3) | परिच्छेद नाहीत किंवा नावापुरते. मुद्दे मागेपुढे होतात, पण वाचक ते जुळवू शकतो. (2) | कशानंतर काय हे दोनदा वाचूनही लागत नाही. (1) |
| भाषा | शब्द नेमके. वाक्यांची घडण मजकुराप्रमाणे बदलते. (4) | शब्द बहुतेक नेमके. वाक्ये एका साच्यातली, पण अर्थ स्पष्ट. (3) | तयार शब्दसमूह किंवा प्रसंगाशी न जुळणाऱ्या म्हणी. किंवा तेच शब्द पुन्हा पुन्हा. (2) | वाक्ये अपुरी. अर्थ अंदाजाने लावावा लागतो. (1) |
| शुद्धलेखन व विरामचिन्हे | चुका क्वचित. वाचताना खटकत नाहीत. (4) | काही शब्दांत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका. वाक्य कुठे संपते ते स्पष्ट. (3) | चुका वारंवार, विरामचिन्हे गाळलेली; वाचक अधूनमधून अडखळतो. (2) | चुकांमुळे शब्द ओळखून काढावे लागतात. (1) |

पातळ्या चारच का, असा प्रश्न पडेल. तीन किंवा पाच ठेवल्या की मधली एक चौकट तयार होते आणि थकलेला तपासनीस तिथे विसावतो. चारमध्ये मध्य नसतो. निबंध वरच्या अर्ध्यात की खालच्या अर्ध्यात, एवढा निर्णय तरी घ्यावाच लागतो. सहापेक्षा जास्त पातळ्या केल्या तर शेजारच्या दोन चौकटींमधला फरक शब्दांत सांगणेच अशक्य होऊन बसते.

आता या तक्त्यावर दोन निबंध ठेवून पाहू. दोन्ही उदाहरणासाठी रचलेले आहेत, पण नववीचे गठ्ठे तपासलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटतील. पहिल्या निबंधातला हा भाग, लिहिणाऱ्या मुलीच्या चुकांसकट:

'शूक्रवारी आमच्या गावात बाजार भरतो मी आजी सोबत मेथी विकायला बसते. आजी ओरडत नाही गिऱ्हाईक जवळ आलं की जुडीवर पाणी मारते. दूपारी उन चढलं की ओलं फडकं टाकते. सांजच्याला वीस रुपयाची जुडी दहाला देउन टाकते. मी म्हटलं आजी तोटा होतो ती म्हणाली घरी नेली तर पूरता तोटा. मला तेव्हापासून गणितातला तोटा आणि बाजारातला तोटा वेगळा वाटतो.'

दुसऱ्या निबंधातला हा भाग:

'बाजार म्हणजे माणसांचा महासागरच! रंगीबेरंगी भाज्या, रसाळ फळे आणि सुगंधी फुले पाहून मन प्रफुल्लित होते. कोणी भाजी घेतो, तर कोणी फळे घेतो. "गरजवंताला अक्कल नसते" असे म्हणतात ते खोटे नाही. बाजारात गरीब-श्रीमंत सारेच येतात. अशा प्रकारे बाजार हा आपल्या जीवनाचा अविभाज्य भाग आहे.'

घाईच्या वाचनात दुसरा निबंध सहज पुढे जातो. तो स्वच्छ आहे, त्यात परिच्छेद पाडलेले आहेत, म्हण आहे, समारोप आहे. पहिल्यात पूर्णविराम हरवले आहेत, ऱ्हस्व-दीर्घ चुकले आहेत आणि सगळा मजकूर एकाच ओघात लिहिला आहे. लाल पेन तिथे आपोआप चालू होतो.

तक्ता घेऊन एकेक ओळ पाहिली की चित्र वेगळे होते. पहिल्या निबंधाचा आशय चौथ्या पातळीवर आहे. जुडीवर पाणी मारणे, ओले फडके, संध्याकाळी उतरलेला भाव, हे पाहणाऱ्यालाच सुचणारे तपशील आहेत. शेवटचे वाक्य त्यांतून निघालेले तिचे स्वतःचे म्हणणे आहे. तिला आशयाचे आठ. परिच्छेद नाहीत, पण वाचक क्रम जुळवू शकतो, म्हणून मांडणीचे दोन. वाक्ये एका साच्यातली पण शब्द नेमके, म्हणून भाषेचे तीन. शुद्धलेखनाचे दोन. एकूण पंधरा. दुसऱ्या निबंधातले एकही वाक्य या गावाचे नाही. तो नाशिकच्या बाजाराला लागू पडतो आणि सोलापूरच्याही. आशयाचे चार. परिच्छेद आहेत, क्रम कळतो, पण गरजवंताच्या म्हणीपाशी दुवा तुटतो, म्हणून मांडणीचे तीन. 'मन प्रफुल्लित होते' आणि ती न जुळणारी म्हण यांमुळे भाषेचे दोन. शुद्धलेखनाचे पूर्ण चार. एकूण तेरा.

इथे एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. चारही निकषांना सारखेच, चार-चार गुण ठेवले असते तर पहिल्या निबंधाला 4, 2, 3, 2 आणि दुसऱ्याला 2, 3, 2, 4 मिळाले असते. दोघांची बेरीज सोळापैकी अकरा. आशयाऐवजी शुद्धलेखनाचे गुण दुप्पट केले असते तर पहिल्याला तेरा आणि दुसऱ्याला पंधरा, म्हणजे निकाल बरोबर उलटा. चौकटींतला एकही शब्द न बदलता, एकही पातळी न बदलता. कोणत्या निकषाला किती वजन द्यायचे हा तक्त्यातला सर्वांत मोठा निर्णय असतो, आणि तो बहुतेक वेळा बेरीज गोल यावी म्हणून घेतला जातो. डीडरिक यांनी पुढे शाळांसाठी जी गुणदानपट्टी सुचवली, तिच्यात विचार आणि मांडणी यांना दुप्पट वजन होते, कारण त्या शाळांतल्या शिकवण्याचा भर त्यांवर होता. वर्गात महिनाभर तपशील कसे टिपायचे हे शिकवले असेल तर आशयाला दुप्पट वजन योग्य. विरामचिन्हांचा धडा नुकताच झाला असेल तर त्या निबंधापुरते वजन तिकडे सरकवणेही योग्य. फक्त ते मुलांना लिहिण्याआधी माहीत असायला हवे.

गुणांच्या आकड्यांचा आणखी एक हिशेब शिक्षकाने तक्ता वापरण्याआधी करून पाहावा. ज्याचे सगळे निकष दुसऱ्या पातळीवर आहेत त्याला वीसपैकी दहा, म्हणजे 50 टक्के मिळतात. सगळे तिसऱ्या पातळीवर असतील तर 75 टक्के, आणि आपल्या शालान्त परीक्षेत 75 टक्क्यांना विशेष प्रावीण्य म्हणतात. सगळे पहिल्या पातळीवर असतील तर 25 टक्के, म्हणजे उत्तीर्णतेच्या 35 टक्क्यांच्या खाली. तेव्हा तिसऱ्या पातळीचे वर्णन वाचून 'हा विशेष प्रावीण्याचा निबंध आहे' असे शिक्षकाला मनापासून वाटते का, हे विचारायला हवे. वाटत नसेल तर वर्णन कडक करावे किंवा गुण बदलावेत. काही शिक्षक यावर उपाय म्हणून चौकटीत '8 ते 7', '6 ते 5' अशी सवड ठेवतात. त्यामुळे गुण अधिक बारीक देता येतात, हे खरे. पण आठ कधी आणि सात कधी हे चौकटीत लिहिले नसेल, तर तेवढा भाग पुन्हा मनावर गेला. शाळेच्या परीक्षेत निबंध आठच गुणांचा असेल, तर वीसपैकी मिळालेल्या गुणांना दोनाने गुणून पाचाने भागावे. पंधराचे सहा होतात आणि तेराचे सव्वापाचच्या आसपास.

पहिल्या निबंधातला 'सांजच्याला' हा शब्द कोणत्या ओळीत मोजायचा? मराठी शाळेत हा प्रश्न रोजचा आहे, आणि परदेशी तक्त्यांच्या भाषांतरात त्याचे उत्तर सापडत नाही. घरी अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणारे मूल निबंधात घरचा शब्द आणते. तपासताना तो भाषेच्या ओळीत चूक म्हणून धरला जातो, शुद्धलेखनाच्या ओळीत पुन्हा धरला जातो, आणि 'ग्राम्य वाटते' म्हणून आशयाच्या मतावरही त्याची सावली पडते. एका शब्दाची तीन ठिकाणी शिक्षा. तक्त्याचा उपयोग इथे मोठा आहे, कारण नियम लिहून ठेवता येतो. जे शिक्षक हा विचार करतात ते साधारण असे ठरवतात: संवादात आणि अनुभवकथनात बोलीतला शब्द नेमका असेल तर भाषेच्या ओळीत तो नेमका शब्दच धरायचा, आणि वैचारिक निबंधात किंवा पत्रात प्रमाणभाषेची अपेक्षा निकषातच स्पष्ट लिहायची. वरच्या मुलीचा 'सांजच्याला' आजीच्या बाजारात शोभतो. तोच शब्द नगरपालिकेला लिहिलेल्या अर्जात आला असता तर गोष्ट वेगळी होती.

शुद्धलेखनाच्या ओळीतही दुहेरी मोजणी होते. 'पूरता' आणि 'दूपारी' या दोन चुका वेगळ्या दिसल्या तरी कारण एकच आहे. सुरुवातीच्या अक्षरातला उकार ऱ्हस्व की दीर्घ, याबद्दल त्या मुलीचा गोंधळ आहे. 'शूक्रवारी' हाही त्यातलाच. तीन चुका मोजून पातळी उतरवण्यापेक्षा एकाच प्रकारची चूक एकदाच धरावी, हे अधिक न्याय्य आहे आणि शिकवायलाही उपयोगी. ऱ्हस्व-दीर्घाचा पाठ घ्यायचा की पूर्णविरामाचा, हे त्यावरून लगेच कळते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 साली राज्य शासनाने स्वीकारले, त्यांत 1972 साली आणखी भर पडली. नववीच्या तक्त्यात त्यांतले कोणते नियम धरणार, हे शिक्षकाने आधी ठरवले तर मुलाला कशाचे गुण गेले ते कळू शकते.

तक्ता कितीही नीट लिहिला तरी तो कागदावर पूर्ण होत नाही. त्याची परीक्षा दोन शिक्षकांनी घ्यावी लागते. एकाच इयत्तेला शिकवणाऱ्या दोघांनी तेच सहा-सात निबंध वेगवेगळे बसून तपासावेत, नावे झाकून, आणि मग गुण नव्हे तर प्रत्येक ओळीतली पातळी समोरासमोर ठेवावी. एकूण गुण पाहिले तर फसायला होते. एकाचे पंधरा आणि दुसऱ्याचेही पंधरा, पण एकाने आशयाला आठ आणि शुद्धलेखनाला दोन दिले, दुसऱ्याने आशयाला सहा आणि शुद्धलेखनाला चार, असे सहज घडते. ओळीनुसार पाहिले की मतभेद कुठे साचतो ते दिसते. बहुतेक वेळा तो आशय आणि भाषेच्या ओळीत असतो. पातळी एकाने सरकली तर फारसे बिघडत नाही. दोन पातळ्यांचा फरक पडला तर ती चौकट पुन्हा लिहावी लागते. 'नेमके तपशील' म्हणताना एकाच्या मनात डोळ्यांनी पाहिलेले असते आणि दुसऱ्याच्या मनात वर्तमानपत्रातली माहितीही चालते. हा फरक बोलल्याशिवाय समजत नाही, आणि बोलल्यावर वर्णनात 'पाहिलेले' हा एक शब्द घालून मिटतो.

शब्दांच्या जोडीला नमुने ठेवले की काम आणखी पक्के होते. ही कल्पना तक्त्यांपेक्षाही जुनी आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधले मायलो हिलेगस यांनी 1912 साली निबंधांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली होती. तिच्यात वर्णने नव्हतीच. सर्वांत कच्च्यापासून सर्वांत पक्क्यापर्यंत दहा नमुने चढत्या क्रमाने लावलेले होते, आणि शिक्षकाने हातातला निबंध ज्या नमुन्याजवळ जाईल त्याचे मूल्य द्यायचे होते. एकाच पट्टीवर अख्खा निबंध मोजणे हा तिचा दोष होता. पण प्रत्येक पातळीचा एक खरा निबंध समोर असणे ही सोय आजही तितकीच कामाची आहे. बोर्डाच्या तपासणीत परीक्षकांवर नियामक असतो. शाळेत ते काम मागच्या वर्षीच्या चार निबंधांच्या छायाप्रतींनी होऊ शकते. नावे काढून, प्रत्येक पातळीचा एक, तक्त्याला टाचून ठेवलेला. विसाव्या उत्तरपत्रिकेनंतर नजर सैल किंवा कडक झाली आहे असे वाटले की शिक्षकाने ते चार पुन्हा वाचावेत.

तपासण्याच्या क्रमाचाही परिणाम होतो. एका मुलाचे चारही निकष एकदम तपासले की थॉर्नडाइकने दाखवलेला परिणाम सुरू होतो. आशय आवडला की भाषाही तीनची चार होते. म्हणून वेळ असेल तिथे आधी सगळ्या निबंधांचा आशय आणि मांडणी वाचावी आणि पातळी पेन्सिलीने टाकावी, मग गठ्ठ्याचा क्रम बदलून भाषा आणि शुद्धलेखन पाहावे. साठ मुलांच्या वर्गाला दर वेळी हे शक्य नाही. सहामाहीच्या एका निबंधापुरते केले तरी शिक्षकाला आपला कल कुठे आहे ते कळते.

या साऱ्या पद्धतीची मर्यादाही ठळक आहे. एकाच तक्त्याने तिन्ही प्रकारचे निबंध तपासता येत नाहीत. 'फुटक्या पाटीचे आत्मवृत्त' या निबंधात 'पाहिलेले तपशील' हा निकष लंगडा पडतो. तिथे पाटी बोलते आहे हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकले का, तिचा काळ आणि तिचे जग खरे वाटते का, हे पाहावे लागते. वैचारिक निबंधात मत आणि त्याला दिलेले कारण यांचा संबंध पाहावा लागतो. मांडणी, भाषा आणि शुद्धलेखनाच्या ओळी जवळपास तशाच राहू शकतात. आशयाची ओळ मात्र प्रत्येक प्रकारासाठी नव्याने लिहावी लागते. ती न लिहिता एकच तक्ता सगळीकडे वापरला की चौकटी पुन्हा 'विषयाला धरून' आणि 'प्रभावी' अशा शब्दांकडे घसरतात.

आणि कधी एखादा निबंध असा येतो की तो कोणत्याच चौकटीत बसत नाही. बाजारावरचा निबंध एखाद्या मुलाने फक्त आवाजांतून लिहिला आहे, ओरडणारे विक्रेते, गिऱ्हाइकांची घासाघीस, टेम्पोचा हॉर्न, एकाही ओळीत 'मी' नाही, परिच्छेदही नाहीत, आणि तरी वाचणाऱ्यापुढे बाजार उभा राहतो. तक्त्याप्रमाणे मांडणीचे दोन. इथे शिक्षकापुढे दोन मार्ग असतात. पहिला, 'मांडणी मुद्दाम वेगळी आहे आणि ती काम करते' असा शेरा लिहून त्या ओळीत चार द्यायचे. दुसरा, तक्त्याप्रमाणे दोन द्यायचे आणि वर्गात तो निबंध वाचून दाखवायचा. पहिला मार्ग बरोबर आहे, कारण मांडणीची ओळ लिहिली गेली ती वाचक वाटेत हरवू नये म्हणून, आणि इथे तो हरवलेला नाही. पण तो निर्णय शेऱ्यासकट लिहून ठेवायचा आणि पुढच्या सत्रात चौथ्या पातळीच्या चौकटीत 'परिच्छेदांऐवजी दुसऱ्या रचनेने क्रम स्पष्ट केला असल्यास तोही धरावा' ही ओळ घालायची.

तक्ता मुलांना लिहिण्याआधी दिला की त्याचा उपयोग बदलतो. मेथीच्या जुडीवर लिहिणाऱ्या मुलीला पंधरा गुणांचा आकडा मिळून फारसे कळणार नाही. मांडणीच्या ओळीतली दुसरी चौकट आणि तिच्या शेजारची तिसरी चौकट तिच्यापुढे ठेवली तर मात्र कळते की परिच्छेद पाडायचे आहेत. सकाळी बसणे एक, दुपारचे ऊन दुसरा, संध्याकाळचा भाव आणि आजीचे उत्तर तिसरा. एवढे करून तिने निबंध पुन्हा लिहिला, 'भरतो' आणि 'नाही' यांच्यापुढे पूर्णविराम दिले, तर मांडणीचा एक आणि शुद्धलेखनाचा एक असे दोन गुण वाढून सतरा होतात, आणि तिच्या एकाही तपशिलाला हात लावावा लागत नाही.